सिस्टीन R आणि सेरिन S: आकार तोच, मग अक्षर का बदलते?

प्रश्न: सर, एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. एल-सेरिनला मी S दिले, बरोबर आले. एल-सिस्टीनलाही S दिले, तर उत्तर R निघाले. दोन्हींच्या फिशर आकृतीत OH च्या जागी SH एवढाच फरक आहे. मी प्रत्येक गटातल्या अणूंचे अणुअंक मिळवून क्रम लावतो आणि H आडव्या रेषेवर असेल तर उत्तर उलटे करतो. मग चूक कुठे झाली? शिवाय दोन्ही ‘एल’ असताना एक R आणि दुसरे S कसे? गंधक असलेल्या मेथिओनिनला मी R दिले, तेही चुकले. कार्व्होनसारख्या वलयात तर कोणत्या बाजूने सुरुवात करायची हेच कळत नाही.

उत्तर: H आडव्या रेषेवर असताना उत्तर उलटवायचे, हे तुम्ही बरोबर करता. चूक ‘मिळवून’ या शब्दात आहे. प्राधान्यक्रमात बेरीज कुठेच नसते. सेरिनमध्ये तुमची बेरीज योगायोगाने बरोबर उत्तराला पोचली, म्हणून चूक झाकली गेली. सिस्टीनमध्ये ती उघडी पडली.

तुमचेच आकडे मांडून पाहू. मधल्या कार्बनला चार गट आहेत: NH2, COOH, बाजूची साखळी आणि H. नायट्रोजन पहिला आणि हायड्रोजन शेवटचा, यात वाद नाही. प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या जागेचा आहे, कारण COOH आणि साखळी दोन्ही मधल्या कार्बनला कार्बननेच जोडलेल्या आहेत. COOH मधल्या कार्बनला तीन ऑक्सिजन धरायचे (तीन का, ते पुढे सांगतो), म्हणजे तुमच्या पद्धतीने ८ + ८ + ८ = २४. सेरिनच्या CH2OH ची बेरीज ८ + १ + १ = १०. COOH वरचढ ठरला आणि तो खरोखरच वरचढ आहे. सिस्टीनच्या CH2SH ची बेरीज मात्र १६ + १ + १ = १८. २४ पेक्षा १८ लहान, म्हणून तुम्ही इथेही COOH ला वर ठेवले. नियमाप्रमाणे CH2SH वर हवा होता.

नियम ऑलिंपिकच्या पदकतालिकेसारखा आहे. एका देशाचे एक सुवर्ण आणि दुसऱ्याची तीन रौप्य असतील, तर एक सुवर्णवाला वर जातो. रौप्य कितीही असली तरी सुवर्णाच्या रकान्यात फरक पडल्यावर कोणी रौप्य मोजत बसत नाही. इथेही तसेच करायचे. प्रत्येक कार्बनला पुढे जोडलेले तीन अणू जड ते हलके असे ओळीने लिहायचे: COOH साठी (O, O, O), CH2SH साठी (S, H, H). मग पहिल्याशी पहिला, दुसऱ्याशी दुसरा अशी तुलना करायची. पहिल्याच जागी S विरुद्ध O आहे. १६ आणि ८. निकाल लागला, इथे थांबायचे. उरलेल्या दोन जागी ऑक्सिजनसमोर हायड्रोजन आहेत, पण त्यांचे मत विचारायची वेळच येत नाही. CH2SH दुसरा, COOH तिसरा.

सेरिनमध्ये (O, O, O) विरुद्ध (O, H, H). पहिल्या जागी बरोबरी, दुसऱ्या जागी O विरुद्ध H, तिथे COOH जिंकतो. म्हणजे सेरिनचा निकाल दुसऱ्या जागी लागला आणि सिस्टीनचा पहिल्या. हाच हिशेब CH2Br आणि CCl3 वर करून पाहा. बेरीज ३७ विरुद्ध ५१, तरी CH2Br वर असतो, कारण एक ब्रोमीन पहिल्याच जागी क्लोरीनला मागे टाकतो. बेरजेची सवय मोडायला माझ्या वर्गात हे उदाहरण सर्वांत जास्त उपयोगी पडते.

आता तीन ऑक्सिजनचे. COOH मध्ये ऑक्सिजन दोनच आहेत, पण त्यातला एक दुहेरी बंधाने जोडलेला आहे. नियम असा की दुहेरी बंध म्हणजे दोन एकेरी बंध धरायचे आणि त्या दुसऱ्या बंधाच्या टोकाला त्याच अणूची एक प्रत लावायची. म्हणून C=O चा कार्बन (O, O-प्रत) असा मोजला जातो आणि OH चा ऑक्सिजन धरून (O, O, O) होतो. प्रत म्हणून लावलेल्या अणूला पुढे काही जोडलेले नसते, तिथून पुढच्या जागा शून्य अणुअंकाच्या धरायच्या. बरीच मुले ही प्रत कार्बनच्या बाजूने लावतात आणि ऑक्सिजनच्या बाजूने विसरतात. दोन्ही बाजूंनी लावायची असते. पाण्यात अमिनो आम्ल NH3⁺ आणि COO⁻ अशा रूपात असते, म्हणून उत्तर बदलेल का, असेही दर वर्षी कोणीतरी विचारते. बदलत नाही. COO⁻ चा कार्बनही (O, O, O) च राहतो.

प्राधान्यक्रम मिळाला की दिशा. तुमच्या फिशर आकृतीत वर COOH, खाली साखळी, डावीकडे NH2 आणि उजवीकडे H. सेरिनमध्ये NH2 कडून COOH कडे, तिथून CH2OH कडे: डावीकडून वर, मग उजवीकडून वळून खाली. कागदावर हे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आहे. H आडव्या रेषेवर, म्हणजे तुमच्याकडे रोखलेला, म्हणून उलटे: S. सिस्टीनमध्ये NH2 कडून आधी CH2SH कडे, मग COOH कडे: डावीकडून खाली, मग वर. काट्याच्या विरुद्ध दिशा, उलटवली की R. चारही गट कागदावर होते तिथेच आहेत. फक्त दोन गटांना दिलेले नंबर आपसात बदलले आणि त्याबरोबर अक्षर बदलले.

‘उलटवणे’ मला स्वतःला फारसे आवडत नाही. परीक्षेच्या घाईत एकदा उलटवले की दोनदा, हे लक्षात राहत नाही. त्याऐवजी हाताने तपासा. अंगठा चौथ्या क्रमांकाच्या गटाकडे, म्हणजे H कडे रोखा आणि बाकीची बोटे एक, दोन, तीन या क्रमाने वळवा. हे उजव्या हाताला जमले तर R, डाव्या हाताला जमले तर S. H कुठल्याही दिशेला असला तरी ही पद्धत चालते, उलटवावे लागत नाही. R हे लॅटिन रेक्टस आणि S हे सिनिस्टर या शब्दांवरून आले. सिनिस्टर म्हणजे डावा, त्यामुळे अक्षरे लक्षात ठेवायलाही हातच कामी येतो. सुरुवातीला कणकेचा गोळा आणि चार टूथपिक घेऊन करा. प्रत्येक टूथपिकच्या टोकाला वेगळी डाळ चिकटवली की गट ओळखता येतात. विकतचा मॉडेल संच असेल तर उत्तमच, पण त्यावाचून अडायचे कारण नाही.

तुमचा दुसरा प्रश्न असा की दोन्ही ‘एल’ असताना अक्षरे वेगळी कशी. एल-डी आणि R-S या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. एल म्हणजे या रेणूची मांडणी एल-ग्लिसराल्डिहाइडसारखी आहे. कोणत्या गटाच्या जागी कोणता गट येतो, हे अमिनो आम्लांसाठी एकदा ठरवून दिले आहे, तिथे अणुअंक कोणी विचारत नाही. म्हणून प्रथिनांमध्ये आढळणारी, ग्लायसीन सोडून (त्यात कायरल केंद्रच नाही), सगळी नेहमीची अमिनो आम्ले एल आहेत आणि त्यांचा मधला कार्बन एकाच पद्धतीने वळलेला आहे. R-S मात्र प्रत्येक रेणूचा प्राधान्यक्रम नव्याने लावते. रॉबर्ट कान, क्रिस्टोफर इंगोल्ड आणि व्लादिमिर प्रेलॉग या तिघांनी १९५६ साली ही पद्धत मांडली आणि १९६६ साली तिला पक्के रूप दिले, ती याचसाठी की मूळ संदर्भ-रेणूशी नाते न लावता कुठल्याही रेणूचे नाव लिहिता यावे. त्याची किंमत ही की सारख्या मांडणीच्या दोन भावंडांना वेगळे अक्षर मिळू शकते. त्या नेहमीच्या यादीतल्या एल-आम्लांपैकी सिस्टीनचाच मधला कार्बन R आहे, बाकी सगळ्यांचा S.

एल की डी हे R-S न लावता पाहायचे असेल तर H आपल्याकडे ठेवून पाहा. COOH, साखळी, NH2 हा क्रम काट्याच्या दिशेने दिसला की एल. सेरिन आणि सिस्टीन दोघांवर करून पाहा, दोन्हींत तेच दिसेल.

या गोंधळाची किंमत मी एकदा प्रत्यक्ष पाहिली आहे. माझ्याकडे पेप्टाइड बनवणाऱ्या एका मुलाने सिस्टीन मागवताना यादीत S लिहिलेली बाटली निवडली. ‘नैसर्गिक म्हणजे S’ असे त्याच्या डोक्यात बसले होते. S-सिस्टीन म्हणजे डी-सिस्टीन. जोडणी नीट झाली, वस्तुमान अगदी बरोबर आले, कारण प्रतिबिंबाचे वस्तुमान वेगळे असायचे कारणच नाही. पण एचपीएलसीवर त्याच्या पेप्टाइडचे शिखर संदर्भ-नमुन्याच्या शिखराशी जुळेना. पेप्टाइडमधली बाकीची केंद्रे एल होती, म्हणून एक डी आल्याने तो पूर्ण रेणूचा आरशातला जोडीदार न होता वेगळाच समघटक झाला होता, आणि असे समघटक स्तंभावर वेगळे होऊ शकतात. सुटे सिस्टीनच साध्या स्तंभावर तपासले असते तर एल आणि डी एकाच वेळी बाहेर आले असते आणि काहीच कळले नसते. दोन आठवडे गेले. तेव्हापासून आमच्या मागणीपत्रावर एल/डी आणि R/S दोन्ही लिहितात, आणि दोन्ही जुळत नसतील तर मागणी परत येते.

पेप्टाइड रसायनातच याची दुसरी बाजू आहे. सिस्टीनच्या जागी दोन तुकडे जोडायचे आणि मग गंधक काढून टाकायचा, ही रूढ युक्ती आहे. गंधक गेला की CH2SH चे CH3 होते, सिस्टीनचे अॅलानिन. केंद्राचा R जाऊन S झाला, कारण CH3 चा कार्बन (H, H, H) असल्यामुळे तो COOH च्या (किंवा पेप्टाइडमधल्या अमाइडच्या) खाली जातो. हे पाहून उत्तरपत्रिकेत ‘विन्यास उलटा झाला’ लिहिणारे निम्मे तरी असतात. उलटे काहीच झालेले नाही. केंद्राच्या चार बंधांपैकी एकही तुटला नाही. अक्षर बदलले म्हणून उलटापालट झाली असे समजू नका, आणि अक्षर तेच राहिले म्हणून झाली नाही असेही नाही. केंद्राला लागलेला एखादा बंध तुटला का, तुटला असेल तर नवा गट कुठल्या बाजूने आला, हे यंत्रणेवरून ठरवायचे. अक्षर सर्वांत शेवटी लावायचे.

आता मेथिओनिन. तिची साखळी CH2–CH2–S–CH3. गंधक आहे म्हणून तुम्ही साखळीला COOH च्या वर ठेवले. पण मधल्या कार्बनला लागलेल्या CH2 पुढे काय आहे? (C, H, H). COOH पुढे (O, O, O). पहिल्याच जागी C विरुद्ध O, आणि COOH जिंकला. गंधक आणखी एक पायरी पुढे उभा आहे, तो रांगेत पोचण्याआधीच निकाल लागला. त्यामुळे एल-मेथिओनिन S. आधी अंतर, मग वजन. जवळच्या पायरीवर फरक सापडला की दूरचा कितीही जड अणू काही करू शकत नाही. तुमच्या दोन चुका दिसायला वेगळ्या, पण मूळ एकच आहे: रेणूतली जड वस्तू एकत्र मोजायची ओढ.

हे धरून कार्व्होनकडे जाऊ. ते सहा कार्बनचे वलय आहे. पहिला कार्बन C=O चा, दुसऱ्याला मिथिल आणि दुसऱ्या-तिसऱ्यात दुहेरी बंध, चौथा CH2, पाचव्याला आयसोप्रोपेनिल, म्हणजे C(CH3)=CH2, आणि सहावा CH2, जो परत पहिल्याला जोडलेला. कायरल केंद्र पाचवा कार्बन. त्याचे चार सोबती: आयसोप्रोपेनिल, सहावा, चौथा आणि H.

कोणत्या बाजूने सुरुवात करायची, असे तुम्ही विचारले आहे. सर्व बाजूंनी एकाच वेळी करायची. वलय आहे हे विसरा. केंद्रापाशी उभे राहून प्रत्येक वाटेने एकेक पाऊल टाका आणि प्रत्येक पावलाला सगळ्या वाटांची तुलना करा. पहिल्या पावलावर तीन कार्बन आणि एक हायड्रोजन, H चौथा. दुसऱ्या पावलावर पाहा. आयसोप्रोपेनिलचा कार्बन: CH2, दुहेरी बंधाची प्रत, CH3, म्हणजे (C, C, C). सहावा कार्बन: (C, H, H). चौथा कार्बन: (C, H, H). पहिल्या जागी सगळीकडे C, दुसऱ्या जागी C विरुद्ध H. आयसोप्रोपेनिल पहिला ठरला. मुले इथे हमखास म्हणतात, ‘पण सर, सहाव्याकडे ऑक्सिजन आहे की!’ आहे, पण तो तिसऱ्या पावलावर. मेथिओनिनच्या गंधकासारखाच उशिरा पोचलेला.

सहावा आणि चौथा यांची बरोबरी झाली आहे, म्हणून फक्त त्यांच्यासाठी आणखी एक पाऊल. सहाव्यापुढे पहिला कार्बन: (O, O-प्रत, C). चौथ्यापुढे तिसरा कार्बन: (C, C-प्रत, H). O विरुद्ध C, सहावा जिंकला. क्रम असा: आयसोप्रोपेनिल, सहावा, चौथा, H. ऑक्सिजनला त्याचे मत मिळाले, पण बरोबरी उरलेल्या जोडीपुरतेच.

आता चित्र काढा. षटकोन असा ठेवा की पाचवा कार्बन अगदी तळाशी येईल, आयसोप्रोपेनिल त्याच्याखाली जाड पाचरीने (आपल्याकडे), H तुटक रेषेने (मागे). C=O ची बाजू डावीकडे. म्हणजे सहावा डावीकडे वर, चौथा उजवीकडे वर. तळापासून डावीकडे, तिथून उजवीकडे: काट्याच्या दिशेने, आणि H मागेच आहे. उत्तर R. हे स्पिअरमिंटचे कार्व्होन. C=O ची बाजू उजवीकडे घेतली आणि पाचर तशीच ठेवली तर S, म्हणजे शहाजिऱ्याच्या आणि बाळंतशेपाच्या तेलातले कार्व्होन. शुद्ध असतील तर दोन्ही द्रवांचे उत्कलनांक आणि घनता सारख्या, पण नाकाला एक पुदिन्यासारखे लागते आणि दुसरे शहाजिऱ्यासारखे, कारण वास घेणारी आपली ग्राहक-प्रथिने स्वतःच कायरल आहेत.

ऑक्सिजनच्या नादाने सहाव्याला पहिला क्रमांक दिला असता तर पहिल्या-दुसऱ्याची अदलाबदल होऊन अक्षर उलटे आले असते. चौघांत कुठलीही एक अदलाबदल अक्षर उलटवते, दोन अदलाबदली केल्या तर परत तेच अक्षर येते. दोन चुका एकमेकींना खोडून बरोबर उत्तर देतात, म्हणून नुसते उत्तर जुळले यावर समाधान मानू नका. क्रम लिहून ठेवा.

कार्व्होन पुरे व्हायच्या आधी आणखी एक. संत्र्याच्या सालीच्या तेलात मुख्य घटक लिमोनिन असतो, R आणि ध्रुवित प्रकाशाला उजवीकडे वळवणारा, म्हणून (R)-(+). त्यापासून नायट्रोसिल क्लोराइडच्या मार्गाने कार्व्होन बनवतात. कायरल केंद्राला कोणी हात लावत नाही. मिळते ते (R)-(–)-कार्व्होन. अक्षर तेच, वळवण्याची दिशा मात्र उलट. अक्षर आपण अणुअंकांवरून लावतो आणि + किंवा – हे उपकरणात मोजून मिळते. एकावरून दुसरे सांगता येत नाही. इतके की एल-सेरिन पाण्यात – दाखवते आणि हायड्रोक्लोरिक आम्लात +, रेणू तोच असताना.

यातून एक प्रश्न उभा राहतो. कागदावरची पाचर खऱ्या रेणूशी जुळते, हे कोणाला कसे कळले? १९ व्या शतकाच्या शेवटी एमिल फिशर यांनी साखरांची आकृती काढताना दोन शक्यतांपैकी एक निवडली, नाणे उडवल्यासारखी. सगळ्या साखरांची आणि नंतर अमिनो आम्लांची नाती त्या निवडीवर बेतली गेली. नाती खरी होती, पण सगळा डोलारा आरशातला निघण्याची शक्यता निम्मी होती. १९५१ साली युट्रेख्टमध्ये योहानेस बायफूट आणि सहकाऱ्यांनी टार्टारिक आम्लाच्या सोडियम रुबिडियम क्षारावर क्ष-किरण टाकून निरपेक्ष विन्यास मोजला. नेहमीच्या क्ष-किरण चित्रात रेणू आणि त्याचे प्रतिबिंब सारखेच दिसतात. रुबिडियमसारख्या जड अणूवर योग्य तरंगलांबीचे किरण टाकले, की विकिरणात बारीकसा फरक पडतो आणि दोघे वेगळे ओळखता येतात. फिशर यांची निवड बरोबर निघाली. बायफूट यांनी मोजलेले नैसर्गिक टार्टारिक आम्ल, म्हणजे आपल्या चिंचेत असते तेच, (2R,3R) आहे. प्राधान्य-नियम फक्त नाव देतो. रेणू खरोखर कसा वळला आहे हे प्रयोगच सांगतो, आणि प्रयोगाशिवाय लिहिलेला R म्हणजे नीट नाव दिलेला अंदाज.

हाताने सोडवलेले तपासायला संगणक चांगला. आरडीकिट हे मोफत साधन असेल तर इतके पुरे:

```python
from rdkit import Chem
for s in ["N[C@@H](CO)C(=O)O",     # L-Ser
          "N[C@@H](CS)C(=O)O",     # L-Cys
          "N[C@@H](CCSC)C(=O)O"]:  # L-Met
    m = Chem.MolFromSmiles(s)
    print(s, Chem.FindMolChiralCenters(m))
```

उत्तरात अनुक्रमे S, R, S येईल. तिन्ही ओळींत `@@` तसाच आहे, तिकडे लक्ष द्या. `@@` चा अर्थ पहिल्या अणूकडून, म्हणजे इथे N कडून पाहिले असता बाकीचे तीन लिहिलेल्या क्रमाने काट्याच्या दिशेने दिसतात, एवढाच. त्यात अणुअंक नाही. आकार `@@` मध्ये, नाव R-S मध्ये. तुमचा ‘एकच आकार, दोन अक्षरे’ हा प्रश्न या तीन ओळींत डोळ्यांना दिसतो. फक्त एक सावधगिरी: दोन फांद्या फक्त त्यांच्या स्वतःच्या R-S मुळे किंवा दुहेरी बंधाच्या बाजूंमुळे वेगळ्या असतील, तर पुढचे नियम लागतात आणि तिथे वेगवेगळ्या प्रणालींची उत्तरे कधी कधी जुळत नाहीत. तुमच्या अभ्यासक्रमात ते क्वचित येईल.

गंधकाचे शेवटचे एक उदाहरण स्वतः सोडवा, मग माझे उत्तर पाहा. पेनिसिलामिन: सिस्टीनच्या CH2SH च्या जागी C(CH3)2SH. विल्सन आजारात शरीरातले तांबे बाहेर काढायला डी-पेनिसिलामिन देतात, एल रूप विषारी आहे. साखळीचा कार्बन (S, C, C), COOH चा (O, O, O). पहिल्याच जागी S जिंकतो. सिस्टीनसारखाच क्रम, म्हणून एल रूप R, आणि औषध म्हणून वापरतात ते डी रूप S.